पान पुढं केलं की पाहुणा उठतो

«दादा, मी औसा तालुक्यातली. शेती आणि चुलीवरचं जेवण, याबद्दल फेसबुकवर लिहिते. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतातल्या आमच्या कोपीचा आणि आंबिलीच्या मडक्याचा फोटो टाकला, खाली चार ओळी लिहिल्या. 31 कमेंट आल्या. तासाभरात एकूण एक जणाला ‘धन्यवाद’ लिहिलं, पुढं हात जोडलेले टाकले, कुणालाच सोडलं नाही. संध्याकाळी बघते तर पोस्ट गार. माझी एक मैत्रीण असंच काहीबाही टाकते, तिच्याखाली तीन-तीन दिवस गप्पा चालतात. मी उत्तर देण्यात कुठं कमी पडते? कमेंटचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.»
— एक वाचक, औसा तालुका, जि. लातूर

ताई, तुम्ही कमी पडत नाही, घाई करता. आपल्याकडं ओसरीवर बसलेल्या माणसापुढं पानाचं तबक आलं की तो काय समजायचं ते समजतो. सुपारी तोंडात टाकतो, ‘बरं, येतो मग’ म्हणतो आणि चपला शोधायला लागतो. तुमचं ‘धन्यवाद’ म्हणजे ते तबक आहे. पाहुणा अजून टेकलाही नाही, पाण्याचा तांब्या अजून आतच आहे, आणि तुम्ही पान पुढं केलंत. एकाला नाही, 31 जणांना.

फोनवर बघा, ‘बरं’ किंवा ‘चला मग’ म्हटलं की दोघांनाही कळतं, आता ठेवायचा. शेग्लॉफ आणि सॅक्स या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी 1973 साली टेलिफोनवरची संभाषणं संपतात कशी, यावर लिहिलं होतं. त्यांना दिसलं ते असं, की निरोपाच्या आधी एक जण ‘ओके’सारखा पोकळ शब्द टाकतो. त्या शब्दात नवीन काहीच नसतं. माझ्याकडं आणखी बोलायला काही नाही, एवढंच तो सांगतो. समोरच्याकडंही काही नसेल तर तो तसाच शब्द परत देतो आणि मग निरोप होतो. तुमच्या कमेंटखाली तेच घडलंय. कुणी ‘छान’ म्हणालं, तुम्ही ‘धन्यवाद’ म्हणालात, दोन्हीकडून काही शिल्लक नाही. माणूस गेला यात त्याची चूक नाही.

आता तुमच्या 31 कमेंटकडं येतो. मी मोजल्या. 18 जणांनी ‘छान’, ‘मस्त’, ‘एक नंबर’ लिहिलंय किंवा नुसता अंगठा दिलाय. यांना नुसतं लाइक द्या, पुरे झालं. इथं फार मन लावू नका. लग्नात अक्षता टाकून जाणाऱ्या प्रत्येकाला आपण पंगतीला हाताला धरून बसवत नाही. उरलेल्या 13 जणांनी मात्र काहीतरी वस्तू आणलीय: एखादा शब्द, एखादी खोड, एखादी तक्रार. तुमची सगळी मेहनत त्या 13 जणांवर खर्च व्हायला हवी होती, ती 31 जणांवर सारखी वाटली गेली. त्यातल्या चार कमेंट घेतो.

पहिली उदगीरकडच्या एका बाईंची. «आमच्याकडं कोप पाच पेंढ्यांची, आतून शालीचं लुगडं लावायचं.» तुम्ही: धन्यवाद ताई. आता ही बाई केवढं घेऊन आली होती बघा. पेंढ्या किती ते सांगितलं, लुगड्याचं सांगितलं. मी असतो तर लिहिलं असतं: «लुगडं! आमच्या सासूबाई नुसती चादर बांधतात, वाऱ्यानं दोनदा उडाली या वर्षी. ते लुगडं दरवर्षी तेच असतं का तुमच्याकडं, का जे धुतलेलं सापडेल ते?» (सासूबाई तुमच्या, मी आपलं तुमच्या तोंडी घालतोय. चादर उडाली नसेल तर ते वाक्य काढून टाका. खोटं लिहायचं नाही, लोक शेजारच्याच गावचे असतात.)

या उत्तरात काय आहे ते बघा. तिच्या कमेंटमधला एकच शब्द उचललाय, लुगडं. त्यावरून तिला कळतं की वाचलंय. मग स्वतःचं थोडंसं दिलंय, तिच्याइतकंच, जास्त नाही. आणि शेवटी एवढासा प्रश्न सोडलाय, ज्याचं उत्तर तिच्याजवळ आत्ता, या क्षणी आहे. त्यासाठी तिला कुणाला विचारावं लागत नाही, आठवत बसावं लागत नाही. लातूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत एका हातात पिशवी धरून तिला ते टाइप करता येतं.

प्रश्नाचा आकार हेच खरं अवघड काम, म्हणून इथं जरा थांबतो. नवीन माणूस दोन टोकांना चुकतो. एक टोक म्हणजे «तुमच्या येळवशीच्या आठवणी सांगा ना!» हे ऐकायला प्रेमळ आहे, पण समोरच्याला ते भाषण करायला उभं केल्यासारखं होतं. आठवणी म्हणजे कुठल्या, किती, कुठून सुरू करू? तो मनात म्हणतो, रात्री निवांत लिहू. ती रात्र येत नाही. दुसरं टोक म्हणजे «तुम्हाला आवडते का आंबील?» यावर ‘हो’ येतं. ‘हो’च्या पुढं रस्ता नाही. मधला प्रश्न असा असतो की त्याचं उत्तर एका ओळीत मावतं, पण ते माणसागणिक वेगळं येतं. कोप कडब्याची का तुराट्यांची? आंबिलीचं मडकं डोक्यावर कोण घेतं, सासू की सून? उंडे बाजरीचे, त्यात आणखी काही? अशा प्रश्नाला एक जण उत्तर देतो आणि ते वाचून तिसरा म्हणतो, छे, आमच्यात असं नाही. तो तिसरा खरा कामाचा.

आणखी एक अट आहे, ती मी ठेच लागून शिकलो. मराठवाड्यातल्या जुन्या शब्दांवर मी एका ग्रुपात लिहायचो. प्रश्न टाकावा हे कुठंतरी वाचलं आणि सुरू झालो. प्रत्येक कमेंटखाली ‘तुमच्याकडं याला काय म्हणतात?’ असं लिहायचो, वीस जणांना तेच. त्यातल्या निम्म्या शब्दांचं उत्तर मला माहीत होतं. शेवटी परभणीच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी लिहिलं, «गुरुजी, तोंडी परीक्षा चालू आहे का? मार्क कधी लावता?» खाली बारा हसणारे चेहरे. त्यानंतर मी ज्याचं उत्तर मला खरंच ठाऊक नाही तेच विचारतो, आणि एकच प्रश्न दोघांना विचारत नाही. कॉपी-पेस्ट लोकांना लगेच दिसतं, कारण ते एकमेकांच्या कमेंट वाचतात.

प्रश्नच हवा असंही नाही. कधीकधी अर्धवट सोडलेलं स्वतःचं वाक्य जास्त चालतं. «उंड्यात तीळ घालायचे की नाही यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत, आणि मी अजून अपक्ष.» इथं प्रश्नचिन्ह नाही, पण कुणालाही राहवणार नाही. आपल्या लोकांना विचारलेलं सांगण्यापेक्षा न विचारलेलं सांगायला जास्त आवडतं.

दुसरी कमेंट निलंग्याच्या काकांची. तुमची खरी संधी ही होती. «भज्जीत चिंच नसते. हे तुम्ही नवीनच काढलं.» तुम्ही लिहिलंत: «धन्यवाद काका, प्रत्येकाची पद्धत वेगळी असते.» ताई, ‘प्रत्येकाची पद्धत वेगळी’ इतकं सभ्य आणि इतकं घट्ट झाकण दुसरं नाही. त्यात तुम्ही भांडण टाळलंत हे खरं, पण काकांना म्हणालात की तुमचं मत तुमच्याजवळ ठेवा. काका रागानं बोलत नव्हते, ते बसायला जागा मागत होते. आमच्या भागात माणूस ‘हे चूक आहे’ म्हणत आला की समजायचं, त्याला चहा लागणार.

त्यांना असं विचारता आलं असतं: «काका, मग आंबटपणा कशाचा, ताकाचा? आमच्या आईकडं चिंचेचा कोळच घालतात, बेसन त्यातच कालवतात. ताकात कालवलं तर फुटत नाही का उकळताना?» यात तुम्ही माघार घेतली नाही. चिंच तुमच्या आईची आहे हे सांगितलंत. वर त्यांच्या हातात एक अडचण दिलीत, ती सोडवायला ते परत येतील. ताक फुटू नये म्हणून बेसन आधीच त्यात नीट कालवून मंद आचेवर ढवळत राहायचं, हे काका नाही तर काकू सांगणारच. मग चिंचवाले आणि ताकवाले असे दोन तट पडतील, आणि तुमच्या पोस्टखाली दोन दिवसांची सोय झाली. अट एकच, आवाज स्वयंपाकघरातला राहिला पाहिजे. ‘आमचीच खरी, तुमची बाटलेली’ असं कुणी सुरू केलं तर तिथं प्रश्न विचारायचा नाही, सरळ विषय बदलायचा.

तिसरी कमेंट उमरग्याच्या एका पोराची. «आमच्याकडं चर शिंपताना वलगे वलगे सालम पलगे म्हणतात.» आणि तिच्याखाली चार कमेंट सोडून एका अहमदपूरच्या बाईंनी लिहिलंय की त्यांच्या गावात शेवटचा शब्द वेगळा म्हणतात, पण नेमका आता आठवत नाही. दोघांनाही तुम्ही वेगवेगळा धन्यवाद दिलात. म्हणजे एकाच ओसरीवर दोन पाहुणे बसलेले, दोघांचा विषय एक, आणि यजमानानं त्यांची ओळखच करून दिली नाही! इथं तुम्ही स्वतः काही सांगायची गरज नव्हती. बाईंच्या कमेंटखाली त्या पोराचं नाव टॅग करायचं आणि लिहायचं, «वर यांनी उमरग्याचं म्हणणं दिलंय, ते तुमच्या जवळ जातं का बघा.» बस. आता तो पोरगा येईल, बाई घरात विचारून येतील, आणि तुम्ही आंबील प्यायला मोकळ्या. टॅग मात्र त्याच पोस्टखाली आधी बोलून गेलेल्या माणसालाच करायचं. जो आलाच नाही त्याला नाव घेऊन ओढून आणलं की तो येतो, बघतो आणि पुढच्या वेळी नोटिफिकेशन बंद करतो.

आता चौथी कमेंट, आणि इथं माझं वरचं सगळं गुंडाळून ठेवा. «माय गेली तवापासून येळवस नाही केली. फोटो बघून डोळे भरले.» यालाही धन्यवाद गेलाय, हात जोडून. गडबडीत झालं असेल, पण ते तेवढं दुरुस्त करा. इथं लुगडं कुठलं, उंडे कसले असले प्रश्न विचारायचे नाहीत. दुःखाला प्रश्न विचारला की ते मुलाखतीसारखं होतं. त्यांचा शब्द घ्या, माय. दोन साधी वाक्यं लिहा: «मायच्या हातची येळवस वेगळीच असती. पुढच्या साली इकडं असाल तर आमच्या कोपीत या.» आणि थांबा. बोलावलंय ते मनापासून असेल तरच लिहा, कारण माणसं खरंच येतात. मग त्यांनी पुढं काही लिहिलं तर ऐका, नाही लिहिलं तर ठीक.

थोडं यंत्राबद्दल, कारण निम्मी गडबड तिथंच होते. उत्तर नेहमी त्या माणसाच्या कमेंटखालचं ‘रिप्लाय’ दाबूनच लिहा, म्हणजे त्याला तसं नोटिफिकेशन जातं. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये सात-आठ धन्यवाद सगळ्यात खाली सुटे पडलेत. ते कुणाला उद्देशून होते हे त्या माणसालाही कळलं नसेल. दुसरं, कमेंटच्या वर जिथं `Most relevant` दिसतं तिथं दाबून `All comments` निवडा. नाहीतर फेसबुक स्वतःच्या मर्जीनं काही कमेंट वर आणतं, काही दाबून ठेवतं, आणि तुम्हाला वाटतं सगळ्यांना उत्तर दिलं. तिसरं, एखाद्या कमेंटखाली उत्तरं वाढली की ती घडीत मिटतात, नवीन येणाऱ्याला दिसत नाहीत. चिंच-ताकाचं भांडण असं रंगलं तर त्याचं सार घेऊन वेगळी नवी कमेंट टाका: «खाली निलंग्याच्या काकांनी ताकाची बाजू मांडलीय, चिंचवाले कुठं गेले?»

आणि तो एक तास. तुम्ही 31 उत्तरं एका तासात संपवलीत, म्हणजे 31 जणांना एकदाच हाक मारलीत, तीही येळवशीच्या दिवशी, जेव्हा अर्धा जिल्हा शेतात जेवायला बसलेला असतो. रेंज नाही, हाताला भज्जी. माझा अनुभव सांगतो, त्याला नियम समजू नका. पहिली दोन-तीन उत्तरं लवकर द्यावीत, म्हणजे घरात दिवा आहे हे दिसतं. उरलेली रात्री जेवणं झाल्यावर, साडेआठ-नऊनंतर. आणि एखाद-दुसरी चांगली कमेंट दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावी. प्रत्येक उत्तर एका माणसाला परत बोलावतं, मग सगळ्यांना एकदम कशाला बोलवायचं? खीर एकाच पातेल्यात असली तरी पंगती दोन-तीन बसतात.

एक मोह मात्र टाळा. ‘मराठवाड्याचे असाल तर कमेंटमध्ये होय लिहा’, ‘तीन मित्रांना टॅग करा’ असलं काही पोस्टवर लिहू नका. अशा आमिषाच्या पोस्ट आपण कमी दाखवणार, असं फेसबुकनं डिसेंबर 2017 मध्येच जाहीर केलंय. खरा प्रश्न विचारणं त्यात येत नाही. पण त्या जाहिरनाम्याशिवायसुद्धा सांगतो, 200 वेळा ‘होय’ लिहिलेल्या पोस्टखाली गप्पा झालेल्या मी पाहिलेल्या नाहीत. ती हजेरी असते.

कधी सोडायचं तेही बघा. तुमच्या उत्तराला समोरच्यानं नुसतं लाइक दिलं, शब्द लिहिला नाही, तर त्यानं पान घेतलंय. त्याच्यामागं दुसरा प्रश्न घेऊन जाऊ नका. उत्तरं आखडत चालली, चार ओळींची दोन झाली, दोनाची ‘हो ना’ झाली, तरीही तेच समजा. आणि सगळ्यात चांगली खूण म्हणजे दोन माणसं तुमच्याशिवाय आपसांत बोलायला लागली. तिथं मधे तोंड घालायचं नाही. लाइक देत राहायचं. मी एकदा अशा रंगलेल्या गप्पेत ‘वा, काय सुंदर चर्चा चालली आहे!’ असं लिहिलं आणि ती जागेवर मेली. सर वर्गात आल्यासारखं झालं.

आकडा बघायचाच तर एकूण कमेंटचा बघू नका. किती माणसं दुसऱ्यांदा लिहायला आली ते मोजा. तुमच्या 31 मध्ये असा एकही नाही, मी दोनदा तपासलं. पुढच्या पोस्टला तीन-चार जण दुसऱ्यांदा आले, तर तुमच्या मैत्रिणीच्या पोस्टखाली तीन दिवस काय चालतं ते तुम्हाला कळेल. ती बहुतेक 31 जणांच्या कमेंट घेत नसेल, आठ-दहा जणांच्याच घेत असेल, पण चार-चार वेळा.

पुढच्या पोस्टची वाट बघू नका. येळवस होऊन दिवस झालेत, पण निलंग्याच्या काकांच्या कमेंटखाली आजही रिप्लाय दाबता येतं आणि त्यांच्या फोनवर ते आजही वाजतं. उशिराची लाज वाटत असेल तर तीच कामाला लावा. आज संध्याकाळी माहेरी फोन लावा, चिंच कधीपासून घालतात ते आईला विचारा, आणि लिहा: «काका, त्या दिवशी मी घाईत उत्तर दिलं. आज आईला विचारलं, ती म्हणते चिंच तिच्या आजेसासूपासून आहे. पण ताकाची करून बघायला तयार आहे ती. ताक किती आंबट लागतं, आदल्या दिवशीचं का आणखी शिळं?»